‘आर’ की ‘आकोंत’?

फ्रान्समधल्या हॉटेलला फ्रेंचमध्ये ईमेल लिहिताना तारखेसोबत रात्रीही लिहाव्यात: १२ ते १५ मे, म्हणजे ३ रात्री. ‘शांब्र दूब्ल’ मागितली की बहुधा एकच मोठा पलंग मिळतो. दोन वेगळे हवे असतील तर ‘ली झ्युमो’ म्हणावं. नाश्ता भाड्यात धरलाय का, हेही विचारावं.

खरी मेख आगाऊ रकमेत आहे. ३०० युरोंच्या बुकिंगसाठी ९० भरले आणि ती रक्कम ‘आर’ असेल, तर आपण रद्द केल्यास ९० बुडतात. हॉटेलने रद्द केलं तर त्याला १८० परत द्यावे लागतात. ‘आकोंत’ असेल तर व्यवहार पक्का झाला, उरलेले २१०ही मागितले जाऊ शकतात. म्हणून कोणती रक्कम, हे उत्तरात लेखी मागून घ्या.