तीन मिनिटांचं दळण

पिठाच्या गिरणीत आपला डबा रिकामा केला की आधी बाहेर येतं ते आपल्या आधीच्या गिऱ्हाईकाचं पीठ. आपलं धान्य वरून खाली यायला किती वेळ लागतो हे नेमकं मोजायचं असेल तर काय कराल? ज्वारी दळली जात असताना मध्येच मूठभर नाचणी टाकायची आणि लगेच पुन्हा ज्वारी ओतत राहायचं. खालच्या पिठात लालसर पट्टा कधी दिसतो, कधी संपतो, एवढं पाहिलं की झालं. यात नाचणीइतकीच मागून ओतलेली ज्वारीही महत्त्वाची. ती नसेल तर उरलेली नाचणी रेंगाळत खाली येत राहील आणि पट्टा कुठे संपला तेच कळणार नाही.

पेशीत तयार होणारं प्रथिन बाहेर पडेपर्यंत कोणत्या वाटेने जातं, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेम्स जेमिसन आणि जॉर्ज पॅलाडे यांनी १९६७ साली असंच शोधून काढलं. या पद्धतीला पल्स-चेस म्हणतात. नाचणीची मूठ म्हणजे पल्स, आणि मागून ओतलेली ज्वारी म्हणजे चेस.

त्यांनी निवडल्या गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशी. अन्न पचवणारी विकरं बनवून आतड्याकडे धाडायची, हेच या पेशींचं मुख्य काम. त्यामुळे त्यांच्यात तयार होणारं बहुतेक प्रथिन बाहेर जाणारंच असतं. ही विकरं रायबोसोमवर तयार होतात, हे तोवर ठाऊक होतं. हे रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेच्या पडद्यांवर चिकटलेले असतात, म्हणून तो भाग खडबडीत दिसतो. पेशीच्या दुसऱ्या टोकाला विकरांनी गच्च भरलेले गोल कण दिसत. मधल्या प्रवासाचं काय, हा प्रश्न होता. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे टप्पे एकाच वेळी भरलेले दिसतात, कारण कारखाना अखंड चालू असतो. कोणता माल आधीचा आणि कोणता नंतरचा, हे चित्र पाहून कळत नाही.

त्याआधी पॅलाडे यांनी ल्युसियन कॅरो यांच्याबरोबर जिवंत गिनीपिगच्या रक्तात किरणोत्सारी ल्युसिन टोचून पाहिलं होतं. ल्युसिन हे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक. त्यात हायड्रोजनच्या जागी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, बसवलेला होता. प्रवासाची दिशा त्यातून दिसली. पण रक्तातलं ल्युसिन लगेच संपत नाही, त्यामुळे खुणेचं प्रथिन बराच वेळ बनत राहतं आणि टप्पे एकमेकांत मिसळतात. म्हणून जेमिसन आणि पॅलाडे यांनी प्राणी बाजूला ठेवला आणि स्वादुपिंडाच्या पातळ चकत्या काढून त्या द्रावणात जिवंत ठेवल्या. आता द्रावण हवं तेव्हा बदलता येणार होतं.

चकत्या ३७ अंश सेल्सिअसला किरणोत्सारी ल्युसिनच्या द्रावणात ठेवल्या, फक्त ३ मिनिटं. मग ते द्रावण काढून चकत्या धुतल्या आणि साधं ल्युसिन भरपूर असलेल्या द्रावणात टाकल्या. पेशीत उरलेलं थोडंसं खुणेचं ल्युसिन या साध्या ल्युसिनच्या गर्दीत हरवून गेलं. चेस नीट लागला की नाही, हे ओळखायची सोपी कसोटी आहे. चकतीतल्या प्रथिनांमधली एकूण किरणोत्सारिता चेस सुरू झाल्यावर वाढायची थांबली पाहिजे. ती वाढतच राहिली तर मूठ अजून संपलेली नाही, आणि पुढचे सगळे वेळ फसवे ठरतात.

मग ठरावीक वेळांनी एकेक चकती काढून रसायनाने जागच्या जागी थिजवली. या प्रयोगात कोणतीही पेशी दोनदा पाहता येत नाही. प्रत्येक चकती म्हणजे एकच थिजलेला क्षण, आणि निरनिराळ्या चकत्यांचे क्षण ओळीने लावले की प्रवास दिसतो. प्रत्येक चकतीचे अतिशय पातळ काप करून त्यांवर फोटोच्या फिल्मवर असतो तसा चांदीच्या क्षाराचा थर दिला आणि ते अंधारात ठेवून दिले. ट्रिटियममधून निघणारे कण फार दुबळे, जेमतेम एखादा मायक्रॉन जाऊन थांबणारे. म्हणूनच ते उपयोगाचे. ते जिथून निघाले त्याच्या जवळपासच थरात खूण उमटते. फिल्म धुतल्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती खूण गुंतलेल्या काळ्या दोऱ्यासारखी दिसते. ती नेमक्या उगमावरच पडेल असं नाही, थोडी बाजूलाही पडते. म्हणून एकदोन खुणांवर विसंबता येत नाही. अनेक चित्रांतल्या खुणा मोजून टक्केवारी काढावी लागते.

पल्स संपताच ८६ टक्के खुणा खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर होत्या. चेसच्या ७ मिनिटांनंतर तिथे ४४ टक्केच उरल्या, आणि ४३ टक्के गॉल्जी संकुलाच्या कडेच्या बारीक पिशव्यांजवळ दिसल्या. ३७ मिनिटांनी जवळजवळ निम्म्या खुणा घट्ट होत चाललेल्या मोठ्या पिशव्यांवर होत्या. ११७ मिनिटांनी ५९ टक्के तयार कणांवर आणि ७ टक्के पेशीबाहेरच्या पोकळीत. एका जागेची टक्केवारी उतरते तशी पुढच्या जागेची चढते. प्रवासाचा पुरावा नुसत्या खुणांत नाही, या चढउतारात आहे.

जालिकेवर मात्र शेवटीही सुमारे २० टक्के खुणा राहिल्या. पेशी स्वतःच्या वापरासाठीही प्रथिनं बनवते, आणि ती बाहेर जात नाहीत. पद्धत सगळ्या प्रथिनांवर एकच खूण लावते, तेव्हा ही सरमिसळ अटळच. पुढे याच दोघांनी प्रथिननिर्मिती औषधाने बंद पाडून पाहिली, तरी आधी बनलेलं प्रथिन पुढे जात राहिलं. म्हणजे मागून येणारा नवा माल जुन्याला ढकलत नाही. मात्र पेशीची ऊर्जा तोडली की प्रवास अडतो.

आज खूण बहुधा गंधकाची असते, मेथिओनिन या अमिनो आम्लात बसवलेली. चेसनंतर प्रतिपिंडाने हवं तेवढं एकच प्रथिन वेगळं काढतात आणि जेलवर त्याचं वजन पाहतात. गॉल्जीत पोचलेल्या प्रथिनाला साखरेच्या मोठ्या साखळ्या लागतात, म्हणून त्याचा पट्टा वर सरकतो. जागा दिसत नाही, पण टप्पा कळतो.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचं कोडं असंच सुटलं. या आजारात सीएफटीआर नावाच्या प्रथिनात बहुतेक रुग्णांमध्ये एकच अमिनो आम्ल गळलेलं असतं. पल्स-चेसमध्ये निरोगी प्रथिनाचा काही भाग वरच्या पट्ट्यात सरकतो. रुग्णाच्या प्रथिनाचा खालचा पट्टा तेवढ्याच ठळकपणे उमटतो, पण वर न सरकता काही तासांत पुसट होत जातो. म्हणजे प्रथिन बनतं, पण आंतर्द्रव्यजालिकेतच अडकतं आणि पेशी ते मोडून टाकते.