आधी माइक, मग उजेड, शेवटी कॅमेरा

ऑनलाइन वर्गासाठी काही घ्यायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी वेबकॅमच्या किमती बघितल्या जातात. माझं सांगणं उलट आहे. तीन हजारांपर्यंत खर्चाची तयारी असेल, तर पहिले हजार माइकसाठी काढून ठेवा, तीन-चारशे दिव्यासाठी, आणि कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर करा. कदाचित तो घ्यावाही लागणार नाही. समोरच्याचा चेहरा जरा धूसर दिसला तरी शिकवणं चालू राहतं. ‘काय म्हणालीस? आवाज येत नाहीये नीट’ असं शिक्षकांना दोनदा म्हणावं लागलं की मूल तिसऱ्यांदा विचारायला तोंडच उघडत नाही.

डोंबिवलीकडचं एखादं दोन खोल्यांचं घर डोळ्यांपुढे आणा. बारावीतली मुलगी सकाळी क्लासला बसली आहे, दादाची ऑफिसची मीटिंग त्याच वेळी आहे, आतल्या खोलीत डब्यासाठी कुकर लागला आहे, आणि डोक्यावर पंखा फिरतो आहे. मुलगी लॅपटॉपवरच बोलते. लॅपटॉपचा माइक तिच्या तोंडापासून साधारण 60 सेंटीमीटरवर आहे. त्याला पंखा ऐकू येतो, दादा ऐकू येतो, कुकरची शिट्टी तर येतेच, आणि या सगळ्यांत मुलीचा आवाज.

आता आवाजाचा एक साधा नियम बघू. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की माइकवर पोचणारा आवाजाचा दाब ढोबळमानाने दुप्पट होतो. अंतर 60 वरून 5 सेंटीमीटरवर आणलं, तर तो सुमारे 12 पट होतो. पंखा मात्र दोन्ही वेळा दीड-दोन मीटर लांबच असतो, त्यामुळे त्याचा आवाज होता तेवढाच राहतो. माइकला आता बोलणं भरपूर मिळतं, म्हणून त्याची संवेदनशीलता कमी ठेवता येते, आणि ती कमी केली की पंखा आणि दादा दोघंही मागे पडतात. गोंगाटाच्या घरात माइक तोंडाजवळ असणं हाच अर्धा इलाज आहे. माइक किती भारी आहे हा प्रश्न नंतरचा.

म्हणूनच माझी पहिली निवड म्हणजे तोंडापुढे दांडी येणारा साधा वायरचा हेडसेट. कॉल सेंटरमध्ये लोक वापरतात तसा. सातशे ते पंधराशे रुपयांत बऱ्यापैकी मिळतो. त्याचा दुसरा फायदा असा की शिक्षकांचा आवाज कानातच राहतो. तो खोलीभर पसरत नाही, दादाच्या मीटिंगमध्ये घुसत नाही, आणि फिरून आपल्याच माइकमध्ये जाऊन प्रतिध्वनी होत नाही.

घेताना पिनेकडे नीट बघा. हेडसेटच्या 3.5 मिलिमीटरच्या पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतील, तर त्याच एका पिनेत माइकही आहे. दोनच असतील, तर ती फक्त ऐकण्याची पिन आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपला एकच भोक असतं, तिथे तीन पट्ट्यांची पिन सरळ चालते. जुन्या डेस्कटॉपला मात्र हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात. तिथे तीच पिन हिरव्यात घातली तर ऐकू येतं, पण बोललेलं जात नाही, आणि लोकांना वाटतं की माइकच खराब निघाला. शे-दीडशे रुपयांचा दोन फाट्यांचा स्प्लिटर लावला की काम होतं. ही कटकटच नको असेल तर यूएसबीचा हेडसेट घ्या. तो थोडा महाग पडतो, पण पिनेचा प्रश्न उरत नाही.

दांडी तोंडाच्या अगदी समोर ठेवू नका. ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर ठेवा. समोर ठेवली की ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना निघणारी हवा थेट माइकवर आदळते आणि ऐकणाऱ्याला धप्प असा आवाज येतो. फार जवळ नेली तर श्वासही ऐकू येतो.

नवा हेडसेट लावला तरी लॅपटॉप गुपचूप जुनाच माइक वापरत राहतो, हे फार वेळा घडतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. रेकॉर्डिंग सुरू करा आणि आधी हेडसेटच्या दांडीवर, मग लॅपटॉपच्या पट्टीवर नखाने टकटक करा. ऐकताना जी टकटक कानठळ्या बसवणारी वाटेल, तो माइक चालू आहे. चुकीचा निघाला तर झूम किंवा मीटच्या सेटिंगमध्ये Microphone या यादीतून हेडसेटचं नाव निवडा. झूममध्ये कुणाला त्रास न देता हे तपासायचं असेल तर zoom.us/test उघडा. तिथे आपण बोललेलं आपल्यालाच परत ऐकवलं जातं.

हेडसेट डोक्यावर टोचतो, चष्म्यावर दाब येतो, अशी मुलांची तक्रार असते, आणि ती खरी आहे. मग कॉलरला लावायचा क्लिपचा माइक घ्या. हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावला तर तो चांगलं काम करतो, फक्त ओढणीला किंवा कडक कापडाला घासला तर खरखर येते. ऐकण्यासाठी इअरफोन मात्र वेगळे लागतात, आणि एकच भोक असेल तर इथेही स्प्लिटर आलाच.

टेबलावर उभा राहणारा, रेडिओ स्टेशनसारखा दिसणारा यूएसबी कंडेन्सर माइक या घरासाठी मी सुचवणार नाही. माइक वाईट असतो असं नाही. पण लोक तो लॅपटॉपशेजारी, हातभर लांब ठेवतात आणि आवाज पोचेना म्हणून गेन वाढवतात. मग त्यात कुकर, पंखा, शेजारच्यांचा मिक्सर सगळं स्पष्ट येतं. घरात तो आधीच असेल तर तोंडापासून वीतभर अंतरावर आणा. तो कार्डिऑइड जातीचा असेल तर मागच्या बाजूने कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ दादाकडे करा. ब्लूटूथ इअरबड्समध्ये अडचण वेगळीच आहे. त्यांचा माइक सुरू झाला की बऱ्याच संगणकांवर जोडणी गाण्याच्या पद्धतीवरून फोनकॉलच्या पद्धतीवर उतरते आणि येणारा-जाणारा दोन्ही आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

‘पण झूम आपोआप गोंगाट काढतं ना?’ असं कुणी विचारेल. काढतं. पंख्याची एकसारखी घरघर ते चांगली ओळखतं. शेजारी बोलणारा दादा हाही माणसाचाच आवाज असतो, म्हणून तिथे त्याची पंचाईत होते. आणि गाण्याच्या क्लासला तर हीच सोय आड येते. तानपुऱ्याचा अखंड सूर सॉफ्टवेअरला पंख्यासारखाच वाटतो, ते तो पुसायला बघतं, आणि लांब धरलेला षड्ज मध्येच विरून जातो. गाणं किंवा वाद्य शिकत असाल तर झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये Original sound हा पर्याय चालू करा आणि त्या तासापुरता पंखा खरोखरच बंद ठेवा.

आता कॅमेरा. स्वस्त कॅमेऱ्याचा सेन्सर बारीक असतो, आणि उजेड कमी पडला की तो प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ प्रकाश गोळा करत बसतो. मग सेकंदाला 30 चित्रांऐवजी 15 किंवा त्याहून कमी येतात, हात हलवला की त्याची शेपूट दिसते, चेहऱ्यावर मुंग्या आल्यासारखे ठिपके दिसतात. असं दिसत असेल तर नवा कॅमेरा घेऊन फारसा फरक पडणार नाही. आधी बसण्याची जागा बदला. खिडकी पाठीशी असेल तर समोर घ्या. खिडकीच नसेल तर तीन-चारशेचा क्लिपचा एलईडी दिवा लॅपटॉपमागच्या पांढऱ्या भिंतीवर सोडा. भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो आणि डोळ्यांत खुपत नाही.

एकत्र राहणाऱ्या घरात पाठीमागे काय आहे हेही बघावं लागतं. पाठ भिंतीला जवळजवळ टेकेल अशी बसायची जागा केली की मागून कुणी जातच नाही. आईला वाकून जावं लागत नाही, बाबांना टॉवेलवर बाहेर यायची चोरी होत नाही. वेबकॅम घ्यायचाच झाला तर याच कारणासाठी अरुंद कोनाचा घ्या. जाहिरातीत 90 अंशांचा रुंद कोन मोठा गुण म्हणून सांगतात, पण लहान खोलीत तो पलंग, दोरीवरचे कपडे आणि झोपलेली आजी सगळं दाखवतो. वर्षानुवर्षं खपणाऱ्या लॉजिटेक सी270 चा कोन 60 अंशांच्या आत-बाहेर आहे आणि चित्र 720पी आहे. वर्गातल्या चाळीस चौकटींतली एक चौकट भरायला 720पी पुरेसं आहे. हजाराच्या आत ‘4के’ लिहिलेला कॅमेरा मात्र टाळा. बहुतेकदा लहान चित्र ताणून मोठं केलेलं असतं.

सी270 सारख्या कॅमेऱ्याचा फोकस कायमचा ठरलेला असतो. चेहरा नीट दिसतो, पण वही वीतभर जवळ धरली की अक्षरं पुसट होतात. गणिताची शिकवणी घेणाऱ्यांची खरी गरज वही दाखवण्याची असते, म्हणून त्यांनी कॅमेऱ्यावर पैसे घालूच नयेत. फोन स्टँडवर खाली वहीकडे तोंड करून ठेवा, त्याच मीटिंगमध्ये त्यालाही सामील करा, आणि फोनचा माइक व स्पीकर दोन्ही बंद ठेवा. ते चालू राहिले तर दोन यंत्रं एकमेकांचा आवाज उचलून किंचाळायला लागतात. चेहऱ्यासाठीही जुना अँड्रॉइड फोन वापरता येतो. आयरियन किंवा ड्रॉइडकॅमसारखं ॲप घालून तो यूएसबीने संगणकाला जोडला की वेबकॅम म्हणून दिसतो.

ट्यूबलाइटखाली चित्रात काळ्या पट्ट्या वरखाली सरकत असतील तर कॅमेरा परत करायला धावू नका. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि कॅमेरा 60 वर लावलेला असतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Anti-flicker शोधून 50 Hz निवडा, पट्ट्या जातात.

त्या डोंबिवलीच्या घराचा हिशेब असा होतो: हेडसेट हजार, गरज पडली तर स्प्लिटर दीडशे, दिवा चारशे. दीड-पावणेदोन हजारांत काम झालं. लॅपटॉपचा कॅमेरा चालू असेल तर उरलेले पैसे तसेच ठेवा, आणि तो बंदच असेल किंवा डेस्कटॉप असेल, तरच दोन हजारांच्या आसपासचा वेबकॅम घ्या. एकूण खर्च मग साडेतीन-चार हजारांवर जाईल, हे धरून चाला.

वस्तू घरी आली की खोका उघडून तशीच ठेवू नका. त्याच दिवशी पंखा नेहमीच्या वेगावर, टीव्ही चालू आणि कुकर लावलेला असताना मिनिटभर बोलून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा. शांत खोलीत कुठलाही माइक चांगलाच वाटतो. आवाज पटला नाही तर परत करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते, तेव्हा बिल आणि खोका तोवर जपून ठेवा.