जुनी गाडी घेताना कागदांचे तीन गठ्ठे

समजा, पुण्यातल्याच एका मालकाकडून तुम्ही जुनी कार घेताय. तिच्यावरचं बँकेचं कर्ज फिटलं आहे, पण आरसी बुकावर बँकेचं नाव अजून आहे. पैसे देण्याआधी कागदांचे तीन गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा मूळ कागदांचा: आरसी, चालू विमा पॉलिसी, पीयूसी आणि बँकेची एनओसी. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. एखादा आकडा जुळत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.

दुसरा गठ्ठा प्रतींचा: दोघांचे पॅन आणि ओळखपत्र, शिवाय तुमच्या पत्त्याचा पुरावा. या प्रती ज्याच्या त्याने स्वतः साक्षांकित करायच्या.

तिसरा गठ्ठा सह्यांचा. फॉर्म २९ म्हणजे विक्रेत्याने आरटीओला दिलेली विक्रीची सूचना, तर फॉर्म ३० हा गाडी नावावर करण्याचा अर्ज; त्यावर दोघांच्याही सह्या लागतात. बँकेचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ हवा. त्यावर मालकाबरोबर बँकेचीही सही लागते. नुसत्या एनओसीवर भागत नाही आणि नेमकं इथेच काम अडतं.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. नाव, तारीख, गाडी क्रमांक आधी भरा. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि तुम्ही ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करण्याचा अर्ज मात्र १४ दिवसांतच द्या.