सव्वा, दीड आणि दशांश चिन्ह

मागच्या व्याख्यानात आपण विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याचं ज्ञान यांत फरक केला होता. ली शुल्मन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८६ साली या दोहोंच्या मधल्या एका तिसऱ्या ज्ञानाकडे लक्ष वेधलं. अमुक एक घटक शिकताना मुलं नेमकी कुठे अडतील, याची जाण त्यात येते. आज आपण ते एका उदाहरणातून पाहू.

न्हावा शेवा परिसरातल्या एक अनुभवी शिक्षिका दशांश अपूर्णांक शिकवण्याआधी फळ्यावर दोन जोड्या लिहितात. पहिली १.२५ आणि १.५, दुसरी १.७५ आणि १.५. प्रत्येक जोडीत मोठी संख्या कोणती?

काही मुलं पहिल्या जोडीत १.२५ मोठी म्हणतात. 'एक पॉइंट पंचवीस' असं वाचलं, की पंचवीस पाचापेक्षा मोठे वाटणारच. पण हीच मुलं दुसऱ्या जोडीचं उत्तर बरोबर देतात. दुसऱ्या काही मुलांनी 'शतांश दशांशापेक्षा लहान' एवढंच धरलेलं असतं. जास्त अंक म्हणजे लहान संख्या, असा त्यांचा हिशेब. त्यांचं पहिलं उत्तर बरोबर येतं, कारण मात्र चुकीचं. दुसऱ्या जोडीत ती फसतात. म्हणजे एकच जोडी दिली असती, तर एक गट हातून निसटला असता.

मग बाई विचारतात, "सव्वा जास्त की दीड? दीड जास्त की पावणेदोन?" इथे कुणी चुकत नाही. घरात, बाजारात हे शब्द कानावर पडलेलेच असतात. सव्वा म्हणजे १.२५, दीड म्हणजे १.५, पावणेदोन म्हणजे १.७५ असं लिहून दाखवलं, की मुलं आपल्याच उत्तराकडे पुन्हा बघतात.

रुपये-पैशांचं उदाहरण आपल्याला सहज सुचतं. बाई ते बेतानेच वापरतात. पैशांत चिन्हानंतर नेहमी दोनच अंक येतात. त्यामुळे रुपये वेगळे, पैसे वेगळे, अशा दोन सुट्या संख्या मुलांच्या मनात बसतात. मग १.२५ आणि १.२५३ त्यांना सारख्याच वाटतात. म्हणून त्या मीटरपट्टी घेतात. मीटरचे दहा भाग, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा. १.२५ मीटरच्या पुढे आणखी तीन मिलिमीटर, हे डोळ्यांना दिसतं. वाचतानाही 'एक दशांश चिन्ह दोन पाच' असंच त्या म्हणवून घेतात.

आता पाहा, १.५ मोठी हे गणितज्ञाला ठाऊक असतं. मुलांना बोलतं करावं, हे कोणत्याही चांगल्या शिक्षकाला ठाऊक असतं. पण १.२५ च्या जोडीला १.७५ का हवं आणि पैसे कुठे दगा देतात, हे दशांश शिकवता शिकवताच कळतं. अर्थात हे ज्ञान त्या घटकापुरतंच. उद्या ऋण संख्या शिकवायच्या, तर तिथल्या अडचणी पुन्हा नव्याने शोधाव्या लागतात.