लाभांश वाटावा की नफा राखावा? वॉल्टर प्रारूपाचे गणित

कंपनीने नफ्यातील किती हिस्सा भागधारकांना लाभांश म्हणून वाटावा आणि किती व्यवसायात राखावा, या प्रश्नाचे नेमके उत्तर देण्याचा प्रयत्न अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेम्स ई. वॉल्टर यांनी १९५६ मध्ये केला. त्यांच्या मते हा निर्णय दोन दरांच्या तुलनेवर ठरतो. पहिला दर म्हणजे राखलेल्या पैशावर कंपनी मिळवीत असलेला परतावा. दुसरा म्हणजे समभाग भांडवलाचा खर्च, अर्थात तितकीच जोखीम पत्करून भागधारक अन्यत्र मिळवू शकतील असा परतावा. पहिला दर अधिक असेल तर नफा राखणे भागधारकांच्या हिताचे ठरते. तो कमी असेल तर नफा वाटून टाकणे योग्य.

एका काल्पनिक कंपनीच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. तिचे प्रति समभाग उत्पन्न वर्षाला २४ रुपये असून समभाग भांडवलाचा खर्च १२ टक्के आहे. सर्व उत्पन्न लाभांश म्हणून वाटल्यास भागधारकाला दरवर्षी २४ रुपये मिळत राहतील. १२ टक्के दराने या अखंड प्रवाहाचे आजचे मूल्य २४ भागिले ०.१२, म्हणजे २०० रुपये होते.

आता कंपनीने १२ रुपये वाटले आणि १२ रुपये राखले, असे समजू. राखलेल्या पैशावर १५ टक्के परतावा मिळत असेल, तर त्या १२ रुपयांतून दरवर्षी १ रुपया ८० पैसे उत्पन्न होतील. या उत्पन्नाचे १२ टक्के दराने आजचे मूल्य १५ रुपये भरते. थोडक्यात, भागधारकाच्या हाती न दिलेल्या १२ रुपयांचे कंपनीने १५ रुपये केले. हाती आलेले १२ आणि हे १५ मिळून वर्षाचे २७ रुपये होतात, त्यांना ०.१२ ने भागल्यास समभागाचे मूल्य २२५ रुपये येते. काहीच लाभांश न दिल्यास ते २५० रुपयांवर जाते.

परतावा ९ टक्के असेल तर चित्र उलटते. राखलेल्या १२ रुपयांचे मूल्य ९ रुपयेच उरते. त्यामुळे निम्मा नफा राखल्यास समभागाचे मूल्य १७५ रुपये आणि सर्व नफा राखल्यास १५० रुपये होते, तर सर्व नफा वाटल्यास ते २०० रुपये राहते. दोन्ही दर १२ टक्के असतील, तर लाभांश कितीही असला तरी मूल्य २०० रुपयेच राहते.

व्यवहारात चूक होते ती पहिला दर मोजताना. कंपनीच्या जुन्या, स्थिरावलेल्या व्यवसायाचा सरासरी परतावा हाच नव्या गुंतवणुकीचाही परतावा मानला जातो. वरील कंपनीने पाच वर्षांत प्रति समभाग एकूण ६० रुपये राखले आणि त्या काळात प्रति समभाग उत्पन्न २४ वरून २९ रुपये ४० पैशांवर गेले, असे समजू. उत्पन्न वाढलेले दिसते. मात्र वाढ ५ रुपये ४० पैशांची, म्हणजे राखलेल्या रकमेच्या ९ टक्के आहे. जुना व्यवसाय १५ टक्के मिळवीत असला तरी नवा पैसा भांडवलाच्या खर्चाइतकेही कमावत नाही. ही मोजणी ढोबळ आहे, कारण अखेरच्या वर्षी राखलेल्या पैशाला फळ येण्यास वेळ लागतो. तरीही अनेक वर्षांचे आकडे घेतल्यास कल लक्षात येतो.

या प्रारूपाच्या मर्यादाही आहेत. परताव्याचा दर सदैव स्थिर राहतो, असे ते गृहीत धरते. प्रत्यक्षात उत्तम प्रकल्प आधी हाती घेतले जातात आणि पुढच्या प्रकल्पांचा परतावा घटत जातो. म्हणून ‘सर्व राखा’ किंवा ‘सर्व वाटा’ हे टोकाचे उत्तर जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. कंपनी कर्ज काढत नाही व नवे समभाग विकत नाही, हे दुसरे गृहीतक. बाहेरून भांडवल उभारता येत असेल, तर चांगल्या प्रकल्पासाठी लाभांश रोखण्याची सक्ती उरत नाही. मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिग्लियानी यांनी १९६१ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले. आदर्श बाजारात मूल्य गुंतवणुकीच्या निर्णयाने ठरते, लाभांशाने नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. करांचा विचारही प्रारूपात नाही. भारतात एप्रिल २०२० पासून लाभांशावर भागधारकाच्या हाती कर लागतो. त्यामुळे वाटलेले १२ रुपये प्रत्येकाच्या हाती १२ रुपये राहत नाहीत.

बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना लाभांश वितरण धोरण जाहीर करणे ‘सेबी’च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. राखलेल्या नफ्याचा विनियोग कसा होणार, हेही त्यात नमूद करावे लागते. हे धोरण वाचताना लाभांशाच्या टक्केवारीइतकाच हा तपशील महत्त्वाचा ठरतो, कारण वॉल्टर यांच्या गणिताचे उत्तर राखलेला रुपया पुढे किती कमावतो, यावरच अवलंबून आहे.