‘कळवळून म्हणाली’ खोडलं तेव्हा

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मी एक कथा लिहिली होती. बाबा जुनी स्कूटर विकायला काढतात, मुलीला ते सहन होत नाही आणि गॅरेजवाला अंगणात उभा आहे. पहिल्या खर्ड्यातला संवाद असा होता :

“बाबा, तुम्ही ही स्कूटर का विकत आहात?” वेदाने आश्चर्याने विचारले.
“कारण तुझ्या हॉस्टेलची फी भरायची आहे,” बाबा दुःखी स्वरात म्हणाले.
“पण ही तर आईची शेवटची आठवण आहे!” वेदा कळवळून म्हणाली.
“तुझे शिक्षण अधिक महत्त्वाचे आहे,” बाबा समजावणीच्या सुरात उद्गारले.
“मी या स्कूटरचे आठ हजार रुपये देऊ शकतो,” गॅरेजवाला रुक्षपणे म्हणाला.

मला यात काहीच खटकलं नव्हतं. मग मैत्रिणीने पेन्सिल घेतली. अवतरणचिन्हांबाहेरचं सगळं खोडलं आणि उरलेलं मोठ्याने वाचलं. तिघेही एकाच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेतून आल्यासारखे बोलत होते. ‘देऊ शकतो’ असं कुठला गॅरेजवाला म्हणतो? आणि घरात कोण ‘महत्त्वाचे आहे’ म्हणतं? ‘महत्त्वाचं’ म्हणतात. निवेदनातलं ‘विचारले’, ‘उद्गारले’ चालून जातं, पण तोच एकार पात्राच्या तोंडी आला की ते माणूस राहत नाही, निबंध होतो.

आधी शेपट्या बघू. ‘आश्चर्याने’, ‘कळवळून’, ‘दुःखी स्वरात’. अशी शेपटी कापून वाक्य वाचायचं. अर्थ तसाच राहिला तर ती नकोच होती. वाक्य निपचित पडलं तर दोष वाक्याचा. तेव्हा शेपटी परत चिकटवायची नाही, वाक्य बदलायचं. साधं ‘म्हणाली’ मात्र बिनधास्त ठेवा, वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जाते. ‘उद्गारले’वर ती अडकते.

आवाज वेगळे करणं जास्त अवघड गेलं. मी आधी सोपी वाट धरली आणि गॅरेजवाल्याच्या तोंडी दोन-चार ‘काय बी’ घातले. तो लगेच एकांकिकेतला विनोदी नोकर झाला. ती बोली मला येत नाही, हे दुसऱ्याच ओळीत दिसत होतं. मग प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारला : समोरच्या स्कूटरमध्ये याला काय दिसतं? गॅरेजवाल्याला टायर, पत्रा आणि कागद दिसतात. वेदाला आई दिसते. बाबांनाही आईच दिसते, पण ते बोलायचं नाही म्हणून ते इंजिनाबद्दल बोलतात. एवढं ठरल्यावर पुन्हा लिहिलं :

“विकताय?”
“किक नीट बसत नाही आता.” बाबा सीट पुसत होते.
“रविवारी तर बसली. बाबा, फीचं म्हणत असाल तर मी बोलते ना ऑफिसमध्ये. इन्स्टॉलमेंट असतात, म्हणजे...”
“कार्बोरेटर साफ करून घेतलाय,” बाबा गॅरेजवाल्याला म्हणाले.
“टायर दोन्ही गेलेत, साहेब. पत्रा खालून सडलाय. आठ देतो.”
“आईची आहे ती,” वेदा हळू आवाजात म्हणाली.
“मग आरसी आईंच्या नावावर का? सही लागेल त्यांची.”
बाबा सीट पुसायचे थांबले.

गॅरेजवाल्याची शेवटची ओळ मी आधी योजली नव्हती. त्याला फक्त कागद दिसतात, हे पक्कं झाल्यावर ‘आईची’ हा शब्द त्याने कागदावरच ऐकला, आणि आई नाही हे कोणी न सांगताच कळलं. पहिल्या खर्ड्यात तेच सांगायला मला ‘शेवटची आठवण’ लागली होती.

सीट पुसण्याबद्दल मात्र एक सावधगिरी. ‘म्हणाले’च्या जागी कृती टाकायची युक्ती सापडली की हात सुटतो. माझ्या मधल्या एका खर्ड्यात एका पानावर तिघांनी मिळून चारदा घाम पुसला होता, एकदा चष्मा काढला होता आणि उगाचच आकाशाकडे पाहिलं होतं. त्यातलं फक्त सीट पुसणं राहिलं, कारण शेवटी ते थांबवता आलं.

आणि हो, ‘हळू आवाजात’ मी ठेवलंय. मैत्रिणीने त्यावरही पेन्सिल टेकवली होती. पण वेदाला ते फक्त बाबांना ऐकू जायला हवं होतं. तिच्या शब्दांत ते कुठेच नाही, आणि ते नसेल तर गॅरेजवाल्याने मध्येच उत्तर देणं तितकं टोचत नाही. यावर आमचं अजून एकमत नाही.