गाडीचं पोट कुठे टेकतं

सुझुकीची सध्याची जिम्नी 2018 साली जपानमध्ये आली तेव्हा तिला तीनच दरवाजे होते. पाच दरवाज्यांची जिम्नी जानेवारी 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत सगळ्यांना पहिल्यांदा पाहायला मिळाली. मागे बसणाऱ्यांचे गुडघे नीट मावावेत म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, 2250 मिलिमीटरवरून 2590 झालं. गाडीचं नाक जवळपास तेच राहिलं, टायर त्याच मापाचे राहिले आणि ग्राउंड क्लिअरन्सही पूर्वीचाच, 210 मिलिमीटर. माहितीपत्रकातला एक आकडा मात्र 28 अंशांवरून 24 वर आला. तो ब्रेकओव्हर अँगलचा आकडा होता. कच्च्या रस्त्यासाठी गाडी घेणारे बहुतेक लोक तो वाचतही नाहीत. माझ्या मते सगळ्यात आधी तोच वाचायला हवा.

असे कोन तीन असतात. पुढच्या टायरला टेकून एक फळी गाडीच्या पुढे वर वर उचलत नेली, तर कुठेतरी ती बंपरच्या खालच्या कडेला लागते. त्या वेळी फळीने जमिनीशी केलेला कोन म्हणजे अप्रोच अँगल. मागच्या टायरला टेकवून तसंच मागच्या बाजूला केलं की डिपार्चर अँगल मिळतो. ब्रेकओव्हर अँगल या दोघांच्या मधल्या भागाचा असतो. पुढची चाकं उंचवट्यापलीकडे उतरलेली आहेत, मागची अजून अलीकडे आहेत आणि मध्ये पोट आहे. पोट न टेकता गाडी किती टोकदार उंचवटा ओलांडू शकते, ते हा कोन सांगतो.

या कोनांचा अर्थ लावताना एक गैरसमज नेहमी आड येतो. अप्रोच अँगल 36 अंश म्हणजे गाडी 36 अंशांचा चढ चढते, असं लोक धरून चालतात. चढ चढणं हे इंजिनाचं, गिअरचं आणि टायरच्या पकडीचं काम आहे. हे तिन्ही कोन मोजतात ते जमिनीच्या उतारात एकाएकी होणारा बदल. ओढ्यात उतरणारी बैलगाडीची वाट घ्या. अलीकडचा काठ 15 अंशांनी खाली जातो, तळ अरुंद आहे आणि पलीकडचा काठ 25 अंशांनी वर चढतो. एकेकटा पाहिला तर यातला कुठलाच उतार भीतीदायक नाही. पण तळाशी पोचलेल्या गाडीचं नाक अजून 15 अंश खालीच झुकलेलं असतं आणि समोर 25 अंशांची भिंत उभी असते. बदल 40 अंशांचा झाला आणि 36 अंशांच्या गाडीचा बंपर मातीत रुतला. तळ रुंद असता, गाडी त्यात सपाट उभी राहू शकली असती, तर हाच ओढा तिने सहज ओलांडला असता. म्हणून उतरण्याआधी खाली जाऊन पाहायचं असतं ते तळाची रुंदी, काठांची उंची नंतर.

आता पोटाकडे येऊ. हिशेब सोपा आहे. दोन चाकांच्या बरोबर मध्ये पोटाची जमिनीपासूनची उंची घ्यायची, तिला 229 ने गुणायचं आणि व्हीलबेसने भागायचं. ढोबळमानाने अंश हाती येतात. जिम्नीच्या तीन दरवाज्यांच्या गाडीचे 28 अंश यात बसवून पाहिले तर पोटाची उंची सुमारे 270 मिलिमीटर निघते. 270 गुणिले 229 भागिले 2250, म्हणजे साडेसत्तावीस. हीच उंची ठेवून 2590 ने भागा, उत्तर येतं 23.9. कंपनीने छापलेले 24 हेच. कुठलाही भाग खाली आणला नाही, फक्त गाडी लांब केली आणि चार अंश गेले. थारचीही हीच गोष्ट आहे. 2020 च्या तीन दरवाज्यांच्या थारचा व्हीलबेस 2450 मिलिमीटर आहे, पाच दरवाज्यांच्या रॉक्सचा 2850. तिथेही हा कोन उतरला.

वाचकाला इथे शंका येईल की ग्राउंड क्लिअरन्स 210 आहे, तर पोट 270 वर कसं? ग्राउंड क्लिअरन्स गाडीच्या सर्वांत खालच्या बिंदूचा मोजतात. जिम्नीसारख्या अखंड अॅक्सलच्या गाडीत तो बिंदू म्हणजे अॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा. हा गोळा चाकांच्या रेषेत असतो, त्यामुळे चाकांबरोबरच तो उंचवट्यावर चढतो. मधलं पोट त्याहून वर असतं. याचा एक परिणाम फार कमी लोकांच्या लक्षात येतो. गाडीत चार माणसं आणि सामान भरलं की स्प्रिंग दबतात आणि बॉडी खाली येते. अॅक्सल मात्र टायरवर उभा आहे, तो जागचा हलत नाही. म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स कागदावर आणि प्रत्यक्षातही 210 च राहतो आणि पोट मात्र खाली गेलेलं असतं. ते 25 मिलिमीटर खाली गेलं असं धरलं, तर लांब जिम्नीचा कोन 24 वरून 22 च्या खाली येतो. छापलेले कोन रिकाम्या गाडीचे असतात आणि गड-किल्ल्यांच्या वाटेला गाडी रिकामी कधीच नसते.

तिन्ही कोनांत मी याला पहिला मान देतो तो गाडी अडकते कशी, यासाठी. नाक अडलं तर रिव्हर्स टाकून मागे येता येतं. शेपूट घासलं तर बहुधा बंपरला ओरखडा पडतो आणि गाडी पुढे निघून जाते. पोट टेकलं की गाडी तराजूच्या दांडीसारखी मध्ये तोलली जाते. चाकांवरचा भार पोटावर येतो आणि भार नाही तिथे पकड नाही. मग फोर व्हील ड्राइव्ह असो वा लो रेंज, चाकं जागच्या जागी फिरतात. अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबत राहिलं तर चाकं आपल्याखालची माती उकरतात आणि पोट आणखी पक्कं बसतं. उपाय फावड्याचा आहे. पोटाखालची माती काढायची, नाहीतर जॅकने एकेक चाक उचलून त्याखाली दगड भरायचे.

शेताचा बांध अरुंद आणि बुटका असेल तर तो तिरका ओलांडतात. एकेक चाक वर चढतं, त्यामुळे पोटाखाली उंचवटा एकदम येत नाही. यात एखादं चाक हवेत उचललं जातं आणि गाडी कलंडते, म्हणून हा उपाय गुडघाभर बांधापुरताच ठेवावा. लांब उतारावर गाडी आडवी घालणं म्हणजे ती उलटवण्याची तयारी.

मागच्या कोनाची नासाडी मालक बहुतेकदा स्वतःच करतात. समजा, बंपरची खालची कड जमिनीपासून 50 सेंटिमीटर वर आणि टायर टेकतो तिथून 50 सेंटिमीटर मागे आहे. हा कोन 45 अंशांचा झाला. बाजारातून टोइंग हुक बसवला, तो 12 सेंटिमीटर खाली लोंबतो आणि 8 सेंटिमीटर मागे येतो. आता कोन 33 अंशांचा उरला. पुढे लोखंडी गार्ड लावला तर तिथेही हेच होतं. आपल्या गाडीचे खरे कोन काढायला एक सरळ फळी आणि उतार दाखवणारं ॲप असलेला मोबाइल पुरतो. गाडी सपाट जागी, नेहमीचा भार घालून उभी करायची, फळी टायरला टेकवून लोंबणाऱ्या पहिल्या वस्तूला लावायची आणि मोबाइल फळीवर ठेवायचा. पोटासाठी टेपने मधली उंची मोजायची आणि वरचा हिशेब करायचा.

चौथा आकडा पाण्याचा, वॉटर वेडिंग डेप्थ. नाशिकला बनणाऱ्या थारसाठी तो 650 मिलिमीटर आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा कारखान्यातूनच स्नॉर्केल लावून येते, तिचा 700. लँड रोव्हरच्या जुन्या डिफेंडरला 500 ची मर्यादा होती, 2020 च्या नव्या डिफेंडरला एअर सस्पेन्शन उंच केल्यावर 900 पर्यंत मुभा आहे. पोलाद वाढलं म्हणून हा फरक पडला असं नाही. इंजिन हवा कुठून घेतं, विजेची जोडणी किती उंचावर आणि किती बंद आहे, अॅक्सल आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळ्या कुठवर नेल्या आहेत, यावर तो ठरतो. नुसता स्नॉर्केल बसवून घेतला तर इंजिनाच्या हवेचाच प्रश्न सुटतो, बाकीचे तिथेच राहतात.

हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर काय होतं? पिस्टन वर येतो तो हवा दाबायला, आणि पाणी दाबलं जात नाही. जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारायचा नसतो. ती ओढून बाहेर काढायची आणि स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून आतलं पाणी आधी बाहेर घालवायचं.

हा आकडा सपाट तळाच्या, स्थिर पाण्याचा आणि चालण्याच्या वेगाचा आहे. त्या वेगाने गेलं तर गाडीच्या पुढे एक लाट उठते आणि तिच्या मागे, बॉनेटखाली, पाण्याची पातळी थोडी खाली राहते. वेग वाढवला की लाट बॉनेटवर चढते, मध्येच थांबलं की ती परत आत येते. काठावरून उतरताना नाक खाली असतं, तेव्हा पुढच्या भागाला पाणी छापील आकड्याच्या आधीच गाठतं.

वाहत्या पाण्यात तर या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. गाडीचा तळ तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरा. पाणी तळाच्या वर 10 सेंटिमीटर चढलं आणि दारं घट्ट असतील, तर 450 लिटर पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे 450 किलोची उचल मिळते. 30 सेंटिमीटर चढलं तर 1350 किलो. लांब जिम्नीचं रिकामं वजन याहून कमी आहे. चाकांवरचा भार असा हलका झाल्यावर बाजूने येणारा प्रवाह गाडीला फरशी पुलावरून सहज ढकलतो. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते की एक फूट वाहतं पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी एसयूव्हीसुद्धा. दोन फूट म्हणजे 610 मिलिमीटर, थारच्या छापील मर्यादेच्या आतच.

पाण्यातून सुखरूप बाहेर पडलेल्या गाडीचंही एक काम उरतं. धावून तापलेला अॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि श्वासनळी पाण्याखाली असेल किंवा तुंबली असेल तर ती हवा पाणी आत ओढते. तेव्हा काहीच जाणवत नाही, बेअरिंग महिन्या-दोन महिन्यांनी आवाज करू लागतात. म्हणून खोल पाणी ओलांडल्यावर दोन्ही डिफरन्शियलचा लेव्हल प्लग उघडून बोट घालून पाहावं. तेल पारदर्शक असेल तर प्रश्न नाही. ते दुधाळ, कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर त्यात पाणी मिसळलं आहे आणि ते त्याच आठवड्यात बदलायला हवं.